फिकट रेषांच्या बिलातून ओळी वाचणे: प्रकल्प नोंदी

3 नोव्हेंबर

काम असं आहे. हार्डवेअर आणि प्लंबिंगच्या दुकानात पुरवठादाराकडून येणारी बिलं मोबाइलवर फोटो काढून पाठवली जातात. त्यातली प्रत्येक ओळ, म्हणजे मालाचं वर्णन, एचएसएन, नग, दर, सूट आणि रक्कम, खरेदीच्या नोंदीत आपोआप चढायला हवी. बिलं डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापलेली असतात आणि दुकानाच्या हाती बहुतेक वेळा दुसरी प्रत, म्हणजे कार्बनची प्रत पडते. कागदावर आधीच छापलेला फॉर्म असतो. त्याच्या रेषा फिकट निळ्या किंवा करड्या असतात आणि मजकूर त्यावर नंतर उमटतो.

चाचणीसाठी मुद्दाम अवघड बिल घेतलंय. 38 ओळी आहेत, रिबन जुनी, कागद मधे घडी पडलेला, आणि फोटो काउंटरवर ट्यूबलाइटखाली काढलेला. करपात्र बेरीज 18,642.30 रुपये. हे बिल नीट वाचता आलं तर बाकीची सोपी जातील.

आधी फोटोबद्दल, कारण इथे चूक झाली की पुढचं सगळं वाया जातं. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत पान पूर्ण भरलं असेल तर दर मिलिमीटरला साधारण 14 पिक्सेल मिळतात. बारीक टाइपात (इंचाला 17 अक्षरं) छापलेला एक आकडा 21 पिक्सेल रुंद येतो, तेवढा पुरतो. हाच फोटो मेसेजिंग ॲपमधून साधा फोटो म्हणून पाठवला तर लांब बाजू 1600 पिक्सेलच्या आसपास उरते आणि आकडा 8 पिक्सेलवर येतो. एवढ्यात 3 आणि 8 मधला फरक पुसला जातो, पुढे कितीही धुलाई केली तरी परत येत नाही. म्हणून पहिला नियम: फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. लांब बाजू 3000 पिक्सेलपेक्षा कमी असेल तर प्रोग्रामने बिल वाचायलाच नकार द्यायचा आणि लगेच दुसरा फोटो मागायचा. बिल फाईलला लागल्यावर फोटो मागण्यात अर्थ नसतो.

5 नोव्हेंबर

नेहमीचा मार्ग आधी करून पाहिला: रेषा शोधायच्या, रेषांवरून चौकटी बनवायच्या, प्रत्येक चौकटीतला मजकूर वाचायचा.

पहिली अडचण उजेडाची. या फोटोत ट्यूबलाइटच्या बाजूला कागद 230 इतका उजळ आहे आणि लांबच्या कोपऱ्यात 170. रेषा मात्र तिच्या शेजारच्या कागदापेक्षा फक्त 15 ने गडद आहे. उजेडाचा फरक 60 आणि रेषेचा 15. त्यामुळे सगळ्या पानाला एकच मर्यादा लावली तर एक कोपरा काळा होतो आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या रेषा गायब होतात. म्हणून आधी उजेड सपाट केला:

```python
gray = cv2.imread("bill.jpg", 0)
bg   = cv2.medianBlur(gray, 101)
flat = cv2.divide(gray, bg, scale=255)
```

101 हा आकडा अक्षराच्या उंचीच्या तिप्पट धरलाय. तो लहान घेतला तर ठळक अक्षरंच पार्श्वभूमीत मोजली जातात आणि आतून पोकळ दिसायला लागतात. शीर्षकाच्या मोठ्या अक्षरांत ही पोकळी लगेच ओळखू येते.

यानंतर कागद एकसारखा पांढरा झाला आणि रेषा दिसायला लागल्या, पण तुकड्यांत. आडव्या रेषा तीन-चार ठिकाणी तुटलेल्या, उभ्या त्याहून जास्त. लांब पट्टीचा ओपनिंग फिल्टर लावला तर तुटक रेषा पुसल्या गेल्या. पट्टी आखूड केली तर `E`, `T`, `L` अशा अक्षरांच्या आडव्या-उभ्या काठ्याच रेषा म्हणून मोजल्या गेल्या. सगळ्यात ठळक 'रेषा' म्हणून प्रोग्रामने काय निवडलं, तर कागदाची घडी. ती पान आडवं कापून जाते आणि फॉर्मच्या कुठल्याही छापील रेषेपेक्षा गडद आहे.

6 नोव्हेंबर

रेषा आणखी चांगल्या कशा पकडता येतील यावर वेळ घालवण्याआधी बिल भिंगातून पाहिलं. पकडल्या तरी उपयोग नव्हता. फॉर्म छापखान्यात छापलाय, आकडे दुकानातल्या प्रिंटरने. प्रिंटरमध्ये कागद चढवताना तो दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे झाला की सगळा मजकूर चौकटींच्या तुलनेत सरकतो. या बिलात रकमेच्या रकान्याची डावी रेषा 'सूट' मधल्या आकड्यांच्या शेवटच्या अंकावरून जाते. माणूस ते पाहून सहज समजून घेतो, कारण तो आकडे एकाखाली एक पाहतो, रेषेकडे पाहतच नाही. रेषा हीच चौकट मानणारा प्रोग्राम मात्र `12.50` चे `12.5` आणि `0` असे दोन तुकडे करून दोन रकान्यांत टाकतो.

म्हणून रेषांवर विसंबायचं सोडलं. रकाने आकड्यांवरूनच ठरवायचे.

तरी रेषा त्रास द्यायच्या थांबत नाहीत. फिकट रेषा पुसण्याइतकी सापडत नाही, आणि अक्षर ओळखणाऱ्या इंजिनला दिसणार नाही इतकी फिकटही नसते. रकमेच्या उजवीकडची उभी रेषा आकड्याला चिकटली की `651.20` चं `651.201` होतं. उभी रेष म्हणजे 1. यासाठी दोन खुणा धरल्या. रकमेत दशांश चिन्हानंतर दोनच अंक येतात, त्यामुळे तिसरा अंक नेहमी संशयित. आणि त्या 'अंकाची' चौकट शेजारच्या अंकांपेक्षा उंच असते, कारण रेष ओळीच्या वर-खालीही चालू राहते. दोन्ही खुणा जुळल्या तरच तो अंक काढायचा. एकच जुळली तर माणसाला दाखवायचा.

10 नोव्हेंबर

ओळी जुळवण्याचं काम. टेसेरॅक्ट या अक्षर ओळखणाऱ्या इंजिनकडून शब्द आणि त्यांच्या जागा घेतल्या:

```
tesseract flat.png out --psm 6 -l eng tsv
```

`psm 6` म्हणजे पानावर मजकुराचा एकच सलग गठ्ठा आहे असं धरणं. `psm 3` ठेवलं तर इंजिन स्वतः रकाने शोधायला जातं, वर्णनाचा रकाना वर्तमानपत्राच्या कॉलमसारखा सलग खाली वाचतं आणि मग आकड्यांकडे वळतं. मग कुठला दर कुठल्या मालाचा, याचा पत्ता लागत नाही.

इंजिनने दिलेला ओळीचा क्रमांक वापरायचा नाही असं ठरवलं. शब्दांच्या `left`, `top`, `width`, `height` एवढ्याच गोष्टी घ्यायच्या. कारण साधं आहे. डॉट मॅट्रिक्सवर इंचाला 6 ओळी छापल्या जातात, म्हणजे या फोटोत दोन ओळींत 60 पिक्सेलचं अंतर आहे. पान फक्त 1 अंशाने तिरकं असलं तरी 3000 पिक्सेल रुंदीत ओळ 52 पिक्सेल खाली किंवा वर जाते. म्हणजे डावीकडे पाचव्या ओळीत असलेल्या मालाची रक्कम उजवीकडे जवळपास सहाव्या ओळीच्या उंचीवर. 'सारख्या उंचीवरचे शब्द एका ओळीत' हा नियम इथे सरसकट एका मालाची रक्कम दुसऱ्याला चिकटवतो. आकडे सगळे खरे आणि जोड्या चुकीच्या, त्यामुळे नुसत्या नजरेने पाहताना ही चूक सुटून जाते.

त्याऐवजी साखळी पद्धत. डावीकडचा अनुक्रमांक पकडायचा, त्याच्या उजवीकडचा सगळ्यात जवळचा शब्द घ्यायचा, मग त्याच्या उजवीकडचा. दर वेळी उंचीची तुलना फक्त लगेच आधीच्या दोन-तीन शब्दांशी करायची, ओळीच्या सुरुवातीशी नाही. दोन शेजारच्या शब्दांत 100-200 पिक्सेल अंतर असतं, तेवढ्यात तिरकेपणामुळे 2-4 पिक्सेलच फरक पडतो. अक्षराच्या निम्म्या उंचीपर्यंत फरक चालवून घेतला. कागद फुगलेला असेल तर ओळ कमानीसारखी वाकते, तीही साखळीला जमते. फक्त वर्णन आणि नग यांच्यामधली मोठी मोकळी जागा धोक्याची. तिथे मागच्या तीन-चार शब्दांचा उतार काढून तो पुढे वाढवला.

वर्णन दोन ओळींत गेलेलं असेल तर दुसऱ्या ओळीला अनुक्रमांकही नसतो आणि आकड्यांचे रकानेही रिकामे असतात. अशी साखळी वरच्या मालाला जोडायची. यात एकच काळजी घ्यावी लागते: `25MM`, `1/2`, `10KG` हे वर्णनातले आकडे आहेत, नग नव्हेत.

12 नोव्हेंबर

आज पहिल्यांदा पूर्ण बिल वाचून झालं. करपात्र बेरीज आली 68,642.30. बिलावर आहे 18,642.30.

फरक नेमका 50,000. इतका गोल फरक आला की समजायचं, अंक चुकीचा वाचला गेलेला नाही, कुठेतरी जास्तीचा अंक पुढे चिकटलाय. शोधलं तर 38 वी ओळ: 10 नग, दर 125.00, सूट 5, रक्कम 1,187.50. प्रोग्रामने सूट रिकामी ठेवली आणि रक्कम 51187.50 घेतली. सुटीतला 5 रकमेच्या रकान्यात गेला आणि तिथल्या आकड्याला चिकटला.

तो तिथे का गेला हे मोजून पाहिलं, कारण पुढचा सगळा उपाय यावर उभा आहे. पहिल्या ओळीत सुटीच्या आकड्यांची उजवी कड 2350 वर आहे आणि रकमेचा रकाना 2390 च्या आसपास सुरू होतो. त्यामुळे हद्द मधोमध, 2370 ला पडली. शेवटच्या ओळीत पोचेपर्यंत सगळं उजवीकडे सरकलंय. तिथे 5 ची उजवी कड 2396 वर आहे, म्हणजे त्याचा मध्य 2385. हद्दीच्या पलीकडे. त्याच ओळीत `12.50` असतं तर वाचलं असतं, कारण पाच अक्षरांच्या आकड्याचा मध्य बराच डावीकडे असतो. म्हणून ही चूक फक्त छोट्या आकड्यांत आणि फक्त पानाच्या तळाशी दिसते, आणि वरच्या दहा ओळी तपासून 'चालतंय' म्हणणाऱ्याला ती कधीच सापडत नाही. चाचणी नेहमी शेवटच्या ओळींवर करावी.

13 नोव्हेंबर

हद्दी सोडल्या, उजव्या कडा धरल्या. बिलात आकडे उजवीकडे जुळवून छापतात. 5 असो की 12.50, शेवटचा अंक एकाच रेघेवर येतो. शब्दाचा मध्य आकड्याच्या लांबीनुसार हलतो, उजवी कड हलत नाही. वर्णन आणि 'नग', 'मीटर' ही एककं डावीकडून जुळवलेली असतात, त्यांच्यासाठी डावी कड. रकान्याच्या मथळ्यावर मात्र विश्वास ठेवायचा नाही. मथळे बहुतेक फॉर्मवर मधोमध छापलेले असतात आणि त्यांच्याखालच्या आकड्यांशी त्यांची कड जुळत नाही. कुठला रकाना कशाचा एवढंच त्यांच्यावरून कळतं.

आता सरकण्याचा प्रश्न. प्रत्येक रकान्यासाठी वेगळी तिरकी रेघ काढायचा विचार आधी केला. नग आणि रक्कम या रकान्यांत 38 च्या 38 आकडे आहेत, तिथे रेघ छान बसते. पण सूट फक्त सहा ओळींत आहे आणि त्यातल्या पाच वरच्या निम्म्यात. पाच जवळजवळच्या ठिपक्यांवरून काढलेली रेघ तळाशी कुठेही भरकटू शकते. नेमकी जिथे गरज आहे तिथेच ती खोटं बोलते.

पण रकाने स्वतंत्रपणे सरकत नाहीत. कागद एकच आहे. पान सरळ करताना जो दोष उरला, तो सगळ्यांना एकाच नियमाने लागू आहे.

14 नोव्हेंबर

नियम असा मांडला. पहिल्या मालाच्या ओळीची उंची म्हणजे `t = 0`, शेवटच्या ओळीची `t = 1`. पहिल्या ओळीत ज्या रकान्याची कड `a` वर आहे, ती `t` उंचीवर इथे असेल:

```
x = a + (p + q*a) * t
```

`p` आणि `q` हे दोनच आकडे सगळ्या पानासाठी. ते काढायला भरलेले दोन रकाने पुरतात. नगाची कड वर 1600 वर, तळाशी 1616 वर, म्हणजे 16 ने सरकली. रकमेची वर 2600 वर, तळाशी 2656 वर, म्हणजे 56 ने. 1000 पिक्सेल उजवीकडे गेल्यावर सरकणं 40 ने वाढलं, म्हणून `q = 0.04`. मग `p = 16 - 0.04*1600 = -48`.

आता सूट. `-48 + 0.04*2350 = 46`. म्हणजे तळाशी सुटीची कड 2396 वर असायला हवी, आणि परवा मोजलेला 5 अगदी तिथेच होता. तळातला सुटीचा एकही आकडा न वापरता त्याची जागा निघाली, याचा मनापासून आनंद झाला.

`q` ला साधा अर्थ आहे: तळाशी मजकूर वरच्यापेक्षा 4 टक्के मोठा झालाय. 1200 च्या जागी सरकणं शून्य येतं. त्याच्या उजवीकडचं सगळं उजवीकडे आणि डावीकडचं डावीकडे पसरतं. वर्णनाचा रकाना खरंच डावीकडे सरकलेला दिसतो. कारणही सापडलं. कागदाच्या दोन्ही कडांना प्रिंटरच्या भोकांची पट्टी असते, प्रत्येकी अर्धा इंच. या बिलाची पट्टी खालच्या भागात फाडून टाकलेली आणि वर तशीच लटकलेली. कोपरे शोधणाऱ्या कोडने वर पट्टीसकट रुंदी धरली, खाली पट्टीशिवाय, आणि चार कोपरे ताणून पान 'सरळ' केलं. त्यात खालचा भाग रुंद झाला.

प्रत्यक्ष कोडमध्ये सूत्र उलटं वापरतो. प्रत्येक आकड्याची कड पहिल्या ओळीच्या उंचीवर परत आणायची, म्हणजे सगळे रकाने उभे होतात:

```python
def flatten(x_right, t, p, q):
    return (x_right - p * t) / (1 + q * t)

def column(x_right, t, anchors, p, q):
    a = flatten(x_right, t, p, q)
    c = min(anchors, key=lambda k: abs(anchors[k] - a))
    return c if abs(anchors[c] - a) <= 20 else None
```

तपासून पाहा: `(2396 + 48) / 1.04 = 2350`. 20 पिक्सेलची मुभा म्हणजे सुमारे एका अक्षराची रुंदी. `None` आलं तर तो आकडा जवळच्या रकान्यात ढकलायचा नाही, बाजूला ठेवायचा. जवळचा रकाना काहीही करून निवडणं म्हणजे 12 तारखेची चूक नव्याने करणं.

नग आणि रक्कम यांचं सरकणं काढताना पहिली आणि शेवटची ओळ अशा दोनच जागा घेऊ नयेत. त्यातली एक चुकीची वाचली तर पानच तिरकं होतं. सगळ्या ओळींच्या जोड्या घेऊन त्यांच्या उतारांचा मध्यक काढला. मग चार-पाच आकडे बिघडलेले असले तरी फरक पडत नाही.

18 नोव्हेंबर

पान सपाट झाल्यावर प्रत्येक आकडा आपल्या रकान्याच्या कडेपासून किती पिक्सेल हटलाय त्याची यादी ओळींच्या क्रमाने काढली. या यादीत बिलाचे आजार वाचता येतात.

एका बिलात हे आकडे +2, −2, +3, −2 असे ओळीआड बदलत होते. हा प्रिंटरचा दोष आहे, फोटोचा नाही. प्रिंटरचं डोकं एक ओळ डावीकडून उजवीकडे छापतं आणि पुढची उलट्या दिशेने. दोन्हींचा मेळ किंचित चुकला की ओळीआड झोल येतो. 20 च्या मुभेत तो सहज बसतो, सोडून द्यावा.

दुसऱ्यात वरचे शून्याजवळ, मधले सगळे +14 ते +18, खालचे पुन्हा शून्याजवळ. म्हणजे कागद मधे फुगलाय, सरळ रेघेचं सूत्र त्याला अपुरं आहे. घडी जिथे आहे तिथे पानाचे दोन भाग केले, प्रत्येकाचे `p` आणि `q` वेगळे काढले. प्रत्येक भागात किमान सहा ओळी हव्यात, नाहीतर एकाच सूत्रावर राहायचं.

रिकाम्या चौकटींचा प्रश्न यात आपोआप सुटला. आकड्यांच्या क्रमावरून रकाने लावले असते तर सूट नसलेल्या 32 ओळींत रक्कम सुटीच्या जागी जाऊन बसली असती. कडेवरून लावल्यामुळे सूट रिकामी राहते आणि रक्कम रकमेच्या जागी.

20 नोव्हेंबर

आता हिशेब. बिलाच्या प्रत्येक ओळीत एक समीकरण दडलेलं असतं, आणि फिकट रेषेपेक्षा ते कितीतरी भरवशाचं.

नग × दर × (1 − सूट/100) = रक्कम

सातवी ओळ घ्या. 25 मिमी एल्बो, एचएसएन 3917, 40 नग, सूट 12, रक्कम 651.20. दर वाचला गेला 13.50. 40 × 13.50 = 540, त्यातून 12 टक्के वजा जाता 475.20. जुळत नाही. उलट बाजूने रक्कम भागिले नग आणि सूट: 651.20 / (40 × 0.88) = 18.50. छापील आकडा 18.50 च होता, जुन्या रिबनवर 8 ची डावी बाजू उमटलीच नव्हती. अशी दुरुस्ती आपोआप करायची अट कडक ठेवली: एकच आकडा बदलून समीकरण जुळायला हवं, तो बदल सहज गल्लत होणाऱ्या जोडीतला (3-8, 1-7, 5-6, 0-8) असायला हवा, आणि असा एकच पर्याय निघायला हवा. दोन पर्याय निघाले तर माणूस ठरवेल.

दशांश चिन्ह हरवणं त्याहून सोपं. `18.50` चं `1850` झालं तर डावी बाजू नेमकी शंभरपट येते. कार्बन प्रतीवर हे वारंवार होतं, कारण ठिपका म्हणजे प्रिंटरच्या पिनांचे मोजकेच ठसे.

गुणोत्तर नेमकं 12, 100 किंवा 144 आलं तर मात्र हात लावायचा नाही. 36 नग, दर 240, रक्कम 720. ही वाचनाची चूक नाही, दर डझनाचा आहे. स्क्रू आणि वॉशरचे दर शेकड्याने किंवा ग्रोसने असतात. 100 इथे दोन अर्थांनी येतो, शेकड्याचा दर किंवा हरवलेला ठिपका. म्हणून आधी एककाचा रकाना पाहायचा आणि त्याच बिलातले बाकीचे दर दोन दशांशांत छापलेत का ते बघायचं.

किती फरक चालवून घ्यायचा? आधी सरसकट 1 पैसा ठेवला होता, तो चुकीचा ठरला. काही पुरवठादार करासकट दरावरून मागे येतात. 100 रुपये करासकट म्हणजे 18 टक्के काढून 84.7458. बिलावर 84.75 छापतात, पण संगणक आत पूर्ण आकड्याने गुणतो. 100 नगांची रक्कम 8,474.58 येते आणि छापील दराने गुणलं तर 8,475.00. 42 पैशांचा फरक, आणि बिल बरोबर. म्हणून मुभा नगांवर अवलंबून ठेवली: नग × 0.005 + 0.01. सूट असेल तर खरा फरक याहून कमीच येतो.

24 नोव्हेंबर

ओळी जुळल्यावर तळाचा हिशेब: करपात्र 18,642.30, त्यावर सीजीएसटी 9 टक्के 1,677.81, एसजीएसटी तेवढाच, एकूण 21,997.92, राउंड ऑफ 0.08, देय 21,998.00. सगळं जुळलं.

तरी हिशेबाला दोन गोष्टी दिसत नाहीत, हे लिहून ठेवणं गरजेचं आहे. 12 नग 20 रुपयांनी आणि 20 नग 12 रुपयांनी, रक्कम तीच 240. नग आणि दर यांची अदलाबदल झाली तर समीकरण खुशाल जुळतं आणि साठ्यात आठ नग जास्त दिसतात. हे फक्त कडेच्या जागेवरून पकडता येतं. म्हणून हिशेब जुळला तरी `None` मिळालेला आकडा माफ करायचा नाही. दुसरं, वर्णन आणि एचएसएन हिशेबात येतच नाहीत. `20MM` च्या जागी `25MM` वाचलं गेलं तर रकमेला काही फरक पडत नाही आणि साठा चुकतो. यासाठी त्याच पुरवठादाराच्या जुन्या बिलांतल्या दरांशी तुलना ठेवली. त्या मालाचा दर अचानक फार वेगळा दिसला तर वर्णन संशयित.

ज्या चौकटी संशयित ठरतात त्या पुन्हा एकेकट्या वाचायच्या:

```
tesseract cell.png out --psm 7 -c tessedit_char_whitelist=0123456789.,
```

चौकट कापताना चारी बाजूंनी 10 पिक्सेल पांढरी जागा जोडायची. अंक चित्राच्या कडेला टेकलेला असेल तर पहिला किंवा शेवटचा अंक गळतो. डॉट मॅट्रिक्सचे सुटे ठिपके एकत्र यावेत म्हणून याच तुकड्यावर 3×3 चा हलका ब्लर दिला. पूर्ण पानावर दिला नाही, तिथे 8 ची पोटं भरतात.

माणसाला दाखवताना नुसता वाचलेला आकडा दाखवू नये. त्या ओळीचा फोटोतला पूर्ण तुकडा आणि त्याखाली वाचलेले आकडे त्याच क्रमाने, संशयित आकडा पिवळा. बिलं चढवणाऱ्या माणसाला माल माहीत असतो, एल्बो 1850 रुपयांना नसतो हे त्याला एका नजरेत कळतं. फक्त मूळ छपाई त्याच्या डोळ्यांसमोर हवी.

27 नोव्हेंबर

दोन पानांची बिलं घेतली. पहिल्या पानाच्या तळाशी 'पुढे नेले' आणि दुसऱ्याच्या डोक्यावर 'मागून आणले' अशी बेरीज छापलेली असते, रकमेच्या अगदी त्याच रकान्यात, त्याच कडेवर. जागेवरून ती मालाची ओळ वाटते. ओळखायची खूण म्हणजे तिला अनुक्रमांक, नग आणि दर नसतात, आणि ती आतापर्यंतच्या सगळ्या रकमांच्या बेरजेइतकी असते. बेरीज जुळली तर ती ओळ मालात न घेता पान तपासायला वापरायची: पहिलं पान त्याच्यापुरतं बरोबर आहे की नाही ते दुसऱ्या पानाची वाट न पाहता कळतं. `p` आणि `q` प्रत्येक पानासाठी नव्याने काढायचे, कारण फोटो वेगळा आहे.

उरलेलं काम: दुसऱ्या पानावर तीनच ओळी असतील तर सरकणं काढायला उंचीच नसते. तिथे `q = 0` धरून फक्त रकमेच्या कडेवरून `p` काढतोय, आणि अशा पानाच्या तिन्ही ओळी सध्या माणसाला दाखवतोय. हातानं खोडून दुरुस्त केलेला दर असलेली ओळही त्याच रांगेत जाते. तिथे छापील दराने हिशेब जुळत नाही, पेनने लिहिलेल्या दराने जुळतो, आणि कुठला धरायचा हे पुरवठादाराला फोन केल्याशिवाय ठरत नाही.